खोक्यांच्या थप्पीवरून लिहिलेला मेल

मागच्या जुलैमध्ये मी एका मसाला कंपनीच्या परचेस मॅनेजरना मेल पाठवला. त्यांची माझी ओळख नव्हती, मध्ये कोणी सांगणारंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. माझा मेल जेमतेम शंभर शब्दांचा होता आणि तो लिहायला मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत काय काय बदललं, ते इथे लिहून ठेवते आहे.

वसई पूर्वेला सातिवलीत आमचा कोरुगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या, खोक्यांचा छोटा कारखाना आहे. तीन प्लाय आणि पाच प्लायची, म्हणजे कागदाच्या तीन आणि पाच पदरांची, खोकी बनवतो. बाबांनी तो सुरू केला तेव्हापासून गिऱ्हाईक ओळखीतूनच येत गेलं. एकाने दुसऱ्याला नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. मग दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने आपलं पॅकिंग गुजरातला हलवलं आणि महिन्याचं जवळपास एक तृतीयांश काम एकदम गेलं. नवीन गिऱ्हाईक शोधायची जबाबदारी माझ्याकडे आली.

मी पहिल्यांदा केलं ते बहुतेक लोक करतात तेच. एका प्रदर्शनाच्या डिरेक्टरीतून 312 पत्ते काढले. ‘आम्ही दर्जेदार कोरुगेटेड बॉक्सचे आघाडीचे उत्पादक आहोत’ अशा वाक्याने सुरू होणारा एक मेल तयार केला, त्याला नऊ एमबीचा कॅटलॉग जोडला, सगळे पत्ते बीसीसीत टाकले आणि पाठवून दिला. साठएक मेल लगेच परत आले, कारण पत्तेच बंद झाले होते. दोघांची ‘मी रजेवर आहे’ अशी आपोआप जाणारी उत्तरं आली. एकाने ‘माझं नाव यादीतून काढा’ असं लिहिलं. माणसाने लिहिलेलं उत्तर तेवढं एकच.

खरं नुकसान पुढच्या आठवड्यात कळलं. आमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधून फोन आला, ‘तुमची बिलं येत नाहीयेत.’ बिलं जात होती, पण त्यांच्याकडे स्पॅममध्ये पडत होती. एकाच दिवशी एवढे मेल, त्यातले इतके परत आलेले आणि सोबत जड फाइल, यामुळे आमच्या डोमेनवरचा विश्वासच गेला होता. चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी लावलेल्याच नव्हत्या. मेल खरोखर आमच्याकडूनच आला आहे, हे समोरच्या सर्व्हरला या नोंदींवरून पडताळता येतं. डोमेनवाल्याकडून दोन्ही लावून घेतल्या. स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवून, तो उघडून, Show original मध्ये `SPF: PASS` आणि `DKIM: PASS` दिसतंय का ते पाहिलं. तरी बिलं पुन्हा इनबॉक्समध्ये यायला काही आठवडे गेले. ज्यांना पहिला मेल लिहायचा आहे त्यांनी मजकुराच्याही आधी हे तपासावं असं मी कळकळीने सांगेन. स्पॅममध्ये पडलेला चांगला मेलही कोणी वाचत नाही.

आमच्या दहिसरच्या सोसायटीत एक काका राहतात. एका इंजिनीअरिंग कंपनीत तीसेक वर्षं परचेसमध्ये काढून निवृत्त झाले. मी तो मेल त्यांना दाखवला. त्यांनी फोनवरच वाचला, दोनदा वर-खाली केला आणि विचारलं, ‘यात कंपनीचं नाव कुठे आहे?’

‘नाहीये काका. सगळ्यांना एकच होता.’

‘समज, नाव घातलंस. मग ते काढून दुसऱ्या कंपनीचं घातलं, तर एक तरी वाक्य खोटं ठरेल का?’

नसतं ठरलं. पुढच्या प्रत्येक मसुद्याला मी हाच प्रश्न लावला. समोरच्याचं नाव, कंपनीचं नाव, ‘तुमच्या वेबसाइटवर पाहिलं’ असं एखादं वाक्य, हे सगळं आता यंत्रानेही भरता येतं आणि परचेसवाल्यांना ते दुरून ओळखू येतं. दुसऱ्या कंपनीला पाठवला तर चुकीचा ठरेल, असं एक तरी वाक्य मेलमध्ये असावं लागतं. ते वाक्य मिळवायला टेबलावरून उठावं लागतं.

काकांनी मला आणखी एक गोष्ट समजावली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली तीच सर्वात मोलाची. ‘सकाळी दोन तास आमचं एकच काम असायचं,’ ते म्हणाले, ‘आज कुठल्या मालावाचून लाइन थांबणार आहे ते बघायचं. नवा व्हेंडर म्हणजे आम्हाला काम. फॉर्म भरून घ्या, सॅम्पल मागवा, दर्जा तपासणाऱ्या क्यूएकडून पास करून घ्या, सिस्टीममध्ये कोड उघडा. आणि त्याचा माल बिघडला तर “याला कोणी आणला?” हा प्रश्न माझ्याकडे. दोन-चार टक्के स्वस्त मिळतंय म्हणून एवढं कोणी करत नाही गं.’

‘मग करतात कधी?’

‘जुना वेळेवर देत नसेल तेव्हा. किंवा सगळं एकाच व्हेंडरवर लटकलेलं असेल तेव्हा. नाहीतर कंप्लेंट वरपर्यंत पोचलेली असेल तेव्हा. त्यातलं काय चाललंय हे तुला बाहेरून दिसलं, तर त्याच्याबद्दल लिही. नाही दिसलं तर लिहू नकोस.’

बाहेरून दिसणं. हे शब्द डोक्यात राहिले. आमचा माल सुदैवाने बाहेरून दिसणारा आहे. खोकं कारखान्यातून निघून टेम्पोत चढतं, गोडाऊनमध्ये थप्पीला लागतं, दुकानाच्या पायरीवर येतं. कोणाच्या खोक्याचं काय होतं आहे ते रस्त्यावर उभं राहूनही कळतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या टेम्पोबरोबर मी एका वितरकाच्या गोडाऊनमध्ये गेले होते. बाहेर पाऊस धो धो, आत भिंतींना ओल आलेली. आमची खोकी उतरत असताना शेजारच्या थप्पीकडे लक्ष गेलं. पाच प्लायची, दोन रंगांत छापलेली मसाल्याची खोकी, आठ थर. तळाच्या थरातली चार-पाच खोकी मधोमध फुगली होती आणि तळापासून चार बोटांवर त्यांच्या बाजूंना आडवी सुरकुती पडली होती. खोकं वजनाखाली खचायला लागलं की अशी सुरकुती सगळ्यात आधी दिसते.

मी वितरकांना विचारून एक खोकं जवळून पाहिलं. टेपने मापं घेतली. आत मसाल्याचे पाऊच होते, एकूण वजन 10 किलो. पाऊच मऊ असल्यामुळे वरचं वजन ते अजिबात पेलत नाहीत. काचेच्या बाटल्या असत्या तर बाटल्यांनीही भार घेतला असता. इथे सगळा भार खोक्याच्या चार भिंतींवर. आठ थर म्हणजे तळाच्या खोक्यावर सात खोक्यांचं, 70 किलो वजन.

पण 70 किलोने पाच प्लायचं खोकं खचायला नको होतं. मग थप्पीकडे नीट पाहिलं. मजुरांनी ती विटांच्या भिंतीसारखी सांधा मोडून लावली होती, एक थर उभा, दुसरा आडवा. अशी थप्पी ढासळत नाही म्हणून सगळीकडे तशीच लावतात. पण खोक्याची ताकद सर्वात जास्त असते ती कोपऱ्यांत. कोपरा कोपऱ्यावर आला तर भार सरळ खाली उतरतो. सांधा मोडला की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या भिंतीच्या मध्यावर येतो, आणि तो भाग मुळात लवचीक. त्यात पावसाळा. कागद हवेतली ओल पितो, आणि फार दमट हवेत दिवसेंदिवस पडून राहिलेल्या खोक्याची भार पेलायची ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. म्हणजे दोष एकट्या खोक्याचा नव्हता. थप्पी आणि ओल या दोन्हींचा मिळून होता.

वितरकांना मी विचारलं की हे मी कंपनीला कळवलं तर चालेल का. ते म्हणाले, ‘कळवा, पण माझं नाव नको. उद्या मलाच विचारतील की माल नीट का ठेवत नाही.’ हे विचारलं ते बरं झालं. मी त्यांचं नाव सहज लिहून टाकलं असतं आणि एका भल्या माणसाला अडचणीत आणलं असतं.

आता हा मेल कोणाला लिहायचा? वेबसाइटवर info@ आणि purchase@ असे दोन पत्ते होते. अशा पत्त्यांवर आलेला मेल कोणा एकाचा नसतो, त्यामुळे त्याला उत्तर द्यायची जबाबदारीही कोणावर नसते. मी कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन केला आणि सरळ विचारलं, ‘पॅकिंग मटेरियलची खरेदी कोण बघतं? त्यांना एक मेल पाठवायचाय.’ ऑपरेटरताईंनी नाव सांगितलं. मी स्पेलिंग विचारून घेतलं आणि लिंक्डइनवर हुद्दा ताडून पाहिला. मोठ्या कंपन्यांत कच्चा माल एक माणूस घेतो, पॅकिंगचा माल दुसरा, आणि खोकं कसं असावं याचं स्पेक ठरवणारा पॅकेजिंग डेव्हलपमेंटचा माणूस तिसराच असतो. चुकीच्या टेबलावर गेलेला मेल पुढच्या टेबलावर क्वचितच सरकवला जातो.

पहिला मसुदा मी त्याच रात्री लिहिला. त्याचा सूर साधारण असा होता: ‘तुमची खोकी गोडाऊनमध्ये खचत आहेत, सोबत फोटो जोडले आहेत. सध्याच्या पुरवठादाराचा कागद कमी दर्जाचा वाटतो. आम्ही याहून मजबूत खोकं स्पर्धात्मक दरात देऊ शकतो.’ मला तो उत्तम वाटला होता. नेमका होता, फक्त त्यांच्यासाठी होता, नाव बदलण्याच्या कसोटीला उतरणारा होता.

काकांनी वाचला आणि म्हणाले, ‘हा मेल तो साहेबांना पुढे पाठवेल का?’

मी म्हटलं, ‘का नाही पाठवणार? त्यांच्या फायद्याचंच आहे की.’

‘अगं, ते खोकं पास कोणी केलंय? त्यानेच. तो व्हेंडर कोणी आणला? त्याने किंवा त्याच्या साहेबांनी. तू फोटोसकट लेखी पुरावा दिलास की त्यांचा निर्णय चुकला. हा मेल तो कोणाला दाखवणार नाही. उत्तर तर मुळीच देणार नाही, कारण उत्तर दिलं म्हणजे मान्य केलं.’

मी हे कधी त्या बाजूने पाहिलंच नव्हतं. परचेसचा माणूस एकटा निर्णय घेत नाही. तुमचा मेल चांगला असेल तर तो क्यूएकडे जातो, पॅकेजिंगवाल्यांकडे जातो, वरिष्ठांकडे जातो. म्हणजे तो त्या माणसाच्या नावाने फिरणार असतो. पुढे पाठवताना त्याला संकोच वाटला, तर मेल तिथेच संपला. शिवाय माझं निदानही अर्धं चुकीचं होतं. कागद कमी दर्जाचा आहे हे मला कुठे माहीत होतं? मी तपासलाच नव्हता. थप्पीचं कारण डोळ्यांना दिसलं होतं, आणि नेमकं तेच मी मेलमधून गाळलं होतं, कारण ते लिहिलं तर ऑर्डर मिळणार नाही असं वाटलं होतं.

पुढचे काही दिवस मी मसुदे पाडत गेले. एकात बर्स्टिंग आणि कॉम्प्रेशन यांतला फरक समजावणारे तीन परिच्छेद झाले. ते सगळं बरोबर होतं, पण ज्याला रोज खोकी घ्यायची असतात त्याला न विचारता शिकवण्यासारखं होतं. एकात शेवटी ‘पंधरा मिनिटं भेटायला वेळ द्याल का?’ असं होतं. त्यावरही काकांनी बोट ठेवलं. अनोळखी माणसाला वेळ देणं हे मोठं मागणं आहे, आणि त्याला ‘नाही’ लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिणं सोपं जातं. प्रश्न असा हवा की उत्तर त्याच्या डोक्यात तयार असेल, आणि ते फोनवर अंगठ्याने टाइप करता येईल.

असा प्रश्न मला माझ्या धंद्यातच सापडला. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या खोक्याच्या स्पेकमध्ये प्लाय, कागदाचा जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरचं वजन, आणि बर्स्टिंग स्ट्रेंग्थ एवढंच लिहितात. बर्स्टिंग म्हणजे कागद किती दाबाने फाटतो. खोकं आपटलं, आतून टोचलं, तर ते कामाचं. पण थप्पीत खोकं फाटत नाही, खचतं. त्यासाठी कॉम्प्रेशन पाहावं लागतं, म्हणजे पूर्ण खोकं वरून दाबल्यावर किती किलोला खचतं तो आकडा. स्पेकमध्ये हा आकडा आहे की नाही, हे परचेसच्या माणसाला बघताक्षणी सांगता येतं. ‘नाही’ म्हणण्यात त्याचा कमीपणाही नाही, कारण अनेकांकडे नसतो.

शेवटी गेलेला मेल इंग्रजीत होता. मराठीत तो असा होतो:

विषय: 10 किलोचं मसाल्याचं खोकं, तळाच्या थराबद्दल एक प्रश्न

‘नमस्कार सर,

पश्चिम उपनगरातल्या एका गोडाऊनमध्ये तुमच्या 10 किलोच्या खोक्यांची आठ थरांची थप्पी पाहिली. तळाची काही खोकी मधोमध फुगली होती. थप्पी सांधा मोडून लावलेली होती, त्यामुळे कोपऱ्यावर कोपरा येत नव्हता. पावसाळ्यात अशा थप्पीत चांगलं खोकंही दबतं.

आत पाऊच असल्याने तळाच्या खोक्यावर पूर्ण 70 किलो भार येतो. म्हणून एकच विचारायचं होतं: या खोक्याच्या स्पेकमध्ये कॉम्प्रेशनचा आकडा आहे, की फक्त बर्स्टिंगचा?

आमचा वसईला पाच प्लाय खोक्यांचा कारखाना आहे. कधी दुसऱ्या पुरवठादाराची गरज पडली तर आमचं नाव तुमच्याजवळ असावं, एवढीच इच्छा. हा विषय दुसरं कोणी पाहत असेल तर त्यांचं नाव कळवलंत तरी चालेल.’

त्याखाली माझं नाव, कारखान्याचं नाव आणि पत्ता, मोबाइल आणि जीएसटी नंबर. बस.

पहिल्या ओळीत मी ‘आपण कुशल असाल अशी आशा’ वगैरे काही ठेवलं नाही. फोनवर मेलच्या यादीत विषय आणि सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. तेवढ्या जागेत ‘तुमच्या खोक्यांची थप्पी’ हे शब्द यायला हवे होते. विषयात ‘सहकार्याची संधी’ किंवा ‘व्यवसाय प्रस्ताव’ असं लिहिलं असतं तर तो विकायला आलेल्यांच्या गठ्ठ्यात गेला असता. आत्ताचा विषय कारखान्यातूनच आलेल्या एखाद्या मेलसारखा वाचतो, आणि तो फसवा नाही, मेलमध्ये खरोखर तोच प्रश्न आहे.

थप्पीबद्दलचं वाक्य मेलमध्ये ठेवायला मला सगळ्यात जड गेलं. बाबांनीही विचारलं, ‘खोक्याचा दोष नाही असं तूच सांगितलंस तर ते आपल्याकडून खोकं का घेतील?’ पण त्याच वाक्यामुळे तो मेल त्यांना कोणालाही दाखवता येणार होता. त्यात कोणाचा निर्णय चुकला असं म्हटलेलं नव्हतं. उलट सध्याचं खोकं पास करणाऱ्याची बाजू त्यात होती. आणि ते खरं होतं.

फोटो जोडला नाही. मागितला तर द्यायला होता. कॅटलॉग नाही, दर नाही, सहीत लोगोचं चित्रही नाही. दर न देण्याचं कारण साधं आहे. माप, कागद, छपाई आणि महिन्याची संख्या माहीत नसताना दिलेला दर कशावरच आधारलेला नसतो, आणि परचेसच्या माणसाला ते लगेच कळतं. जीएसटी नंबर मात्र काकांनी आग्रहाने घालायला लावला. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कंपनी कधी नोंदली, चालू आहे का, रिटर्न भरते का, हे कोणालाही पाहता येतं. अनोळखी माणूस खरा आहे की नाही हे न विचारता तपासायची सोय आपण होऊन दिलेली बरी.

मंगळवारी साडेअकरानंतर पाठवला. महिनाअखेर टाळली, कारण तेव्हा सगळे क्लोजिंगमध्ये असतात. याहून जास्त मुहूर्त पाहिला नाही. उलट जुलै हाच खरा मुहूर्त होता. ओल्या खोक्यांच्या तक्रारी त्यांच्याकडेही याच दिवसांत येत असणार.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. ‘फक्त बर्स्टिंग आहे, 10. सोमवारी चारनंतर फोन करा.’ खाली त्यांचा नंबर.

सोमवारी फोनवर त्यांनी आधी हेच सांगितलं की गेल्या पावसाळ्यापासून सेल्सवाले खोक्यांवरून त्यांच्या मागे लागले होते, आणि त्यांचा पुरवठादार दर वेळी बर्स्टिंगचा रिपोर्ट दाखवून मोकळा होत होता. रिपोर्ट बरोबर, खोकं तरी खचतंय, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. माझा मेल त्यांनी त्याच दिवशी पॅकेजिंगच्या मॅडमना पाठवला होता. जीएसटी नंबरही आधीच तपासला होता.

पुढचं थोडक्यात सांगते. त्यांच्याच चालू खोक्यांतली पाच खोकी आम्ही अंधेरीच्या एमआयडीसीतल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये कॉम्प्रेशन टेस्टला दिली. सरासरी 290 किलोच्या आसपास आली. दमट गोडाऊनमध्ये महिना-दोन महिने पडून राहणाऱ्या खोक्यासाठी आम्ही भाराच्या पाचपट ताकद धरतो. आठ थरांना 70 किलो भार, म्हणजे 350 लागते. सहा थर केले तर 50 किलो भार, 250 पुरते. म्हणजे कोपऱ्यावर कोपरा ठेवून सहाच थर लावले तर त्यांचं तेच खोकं चालणार होतं. मी त्यांना तसंच सांगितलं. आठ थर हवेच असतील तर आतल्या-बाहेरच्या सपाट पदराचा, म्हणजे लायनरचा, कागद जास्त वजनाचा घ्यावा लागेल, तेव्हा मी दर देईन, असंही सांगितलं.

त्यांनी सहा थरांचा पर्याय घेतला. त्या खोक्याची ऑर्डर आम्हाला मिळाली नाही. पण सप्टेंबरमध्ये त्यांचा फोन आला की 15 किलोचं एक नवीन पॅक येतंय, त्यात मात्र आठ थर लागणारच आहेत, आणि त्यासाठी त्यांना दोन पुरवठादार ठेवायचे आहेत. व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म, 25 सॅम्पल, क्यूए, मग 500 खोक्यांचा ट्रायल लॉट, असं करत पहिली नियमित पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, जानेवारीत आली. मेलपासून पीओपर्यंत सहा महिने. त्यांच्या नव्या स्पेकमध्ये बर्स्टिंगच्या खाली आता कॉम्प्रेशनची ओळ आहे.

त्यानंतर मी असे अकरा मेल लिहिले. चार जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाचं उत्तर ‘सध्या गरज नाही, मार्चमध्ये रेट काढतो तेव्हा लिहा’ असं होतं. मी तेही उत्तरच धरते, कारण रेट कॉन्ट्रॅक्ट कधी संपतो हे त्यातून कळलं. एक मेल चुकलाच. मी ज्याला तीन प्लाय समजून लिहिलं ते खोकं पाच प्लायचं होतं. लांबून पाहून लिहिलं होतं, हात लावून कड मोजली नव्हती. त्या कंपनीकडून अर्थातच काही आलं नाही, आणि तिथे पुन्हा लिहायला मला आता तोंड नाही.

ज्यांचा माल कारखान्याच्या आतच राहतो त्यांना माझ्यासारखं रस्त्यावर पाहून लिहिता येणार नाही. माझी एक मैत्रीण पॅकिंग मशीनचे सुटे भाग बनवते. ती कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती वाचते. मेंटेनन्सचा माणूस हवा असला की जाहिरातीत बहुतेक वेळा मशीनचं नाव आणि मॉडेल दिलेलं असतं. त्या मॉडेलचा कोणता भाग आधी झिजतो हे तिला माहीत असतं, आणि तिचा प्रश्न त्या भागाबद्दल असतो. रस्ता वेगळा, पण कुठूनतरी पाहिलेलं असावं लागतं हे तिच्याकडेही तसंच.

माझ्या यादीत आत्ता सात कंपन्या आहेत. तिघांची खोकी मी पाहिली आहेत आणि त्यांना काय विचारायचं ते ठरलं आहे. चौघांबद्दल मला अजून काहीच माहीत नाही, म्हणून त्यांचे मसुदे मी उघडलेलेही नाहीत. येत्या शनिवारी भिवंडीला आमचा टेम्पो जातो आहे. त्यांतल्या दोघांचा माल तिथल्या गोडाऊनमध्ये उतरतो असं कळलं आहे. टेप आणि ओल मोजायचा मीटर पिशवीत टाकून ठेवला आहे.